एकशे चाळीस

आशालता सोनकांबळे नऊ महिन्यांनी कामावर आली, आणि पहिल्याच दिवशी तिला कळलं की तिची खुर्ची खिडकीपाशी गेली आहे.

खुर्ची कुणी हलवली हे कुणी सांगेना. कोंडिबा शिपाई म्हणाला, "हवा लागती बाई हितं, लई झकास." एप्रिल महिना, त्या खिडकीतून आगीसारखी झळ येत होती, बाहेर पत्र्याची शेड तापलेली. झकास कसली, डोंबलाची!  आशालतानं पर्स खुर्चीला अडकवली आणि ती बसली.

ही २००७ सालची गोष्ट. मुळशी तालुक्यात, हिंजवडीच्या काचेच्या इमारती मागं टाकून गाडी शेतांत शिरली की पाच-सहा किलोमीटरवर एक प्राथमिक आरोग्य केंद्र होतं. नाव सांगत नाही, त्यातली बरीच माणसं अजून त्याच गावांत राहतात. आशालता तिथली नर्स. मूळची उदगीरकडची. नवरा वाल्मीक हिंजवडीत कंपनीची गाडी चालवायचा. बारा वर्षं नोकरी झालेली, हाताखालून चारशेच्या वर बाळंतपणं गेलेली. लस टोचताना पोर रडायच्या आत सुई बाहेर काढणारी बाई म्हणून पाच गावांत नाव होतं.

आणि अशा बाईला टीबी झाला. तोही दुसऱ्यांदा. नर्सिंग शिकत असताना एकदा होऊन गेला होता, तो पुन्हा उलटला. दुसऱ्यांदा झाला की गोळ्यांच्या जोडीला दिवसाआड इंजेक्शनं असतात, दोन महिने. अठराव्या इंजेक्शनानंतर तिच्या कानात 'सूं' असा आवाज सुरू झाला. कुकरची शिट्टी पडायच्या आधी वाफ सुटते ना, तसा. तिनं डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी उरलेली इंजेक्शनं बंद केली, कानाची तपासणी करून घेतली. बारीक, चढे आवाज दोन्ही कानांनी कमी ऐकू येतात, बोलणं बरं ऐकू येतं, असं कागदावर आलं. गोळ्या आठ महिने चालल्या. बेडका तपासला, साफ. छातीचा फोटो काढला, जुने डाग, बाकी साफ. सिव्हिलनं 'कामावर रुजू होण्यास योग्य' म्हणून दाखला दिला. त्या दाखल्यावर कानाचा उल्लेख नव्हता. कानाचा कागद आशालतानं ट्रंकेत साड्यांच्या खाली ठेवला, आणि वाल्मीकलाही सांगितलं, "कुणापाशी बोलू नकोस."

का बोलू नकोस? कारण तिचं निम्मं काम कानानं चालतं. रक्तदाब कानानं मोजायचा. आणि पोटातल्या बाळाचे ठोके, तेही कानानंच. अ‍ॅल्युमिनियमचा एक लहानसा कर्णा असतो, त्याचं रुंद तोंड पोटावर, दुसरं टोक आपल्या कानाला. मध्ये ना वायर, ना बॅटरी. आपला कान आणि ते पोर. नर्स बहिरी झाली म्हटल्यावर तिला पोटाला हात कोण लावू देणार होतं?

तर रुजू झाली. रुजू अहवाल लिहिला, दाखला जोडला, डॉक्टरसाहेबांनी सही केली. साहेब तरुण, नवीन बदलून आलेले, "वेलकम, वेलकम सिस्टर" म्हणाले आणि दाराशीच उभे राहून बोलले. नंतर रत्नाबाई आल्या.

रत्नाबाई म्हणजे तिथल्या मोठ्या बाई, सगळ्या नर्सांवर देखरेख करणाऱ्या. सव्वीस वर्षं नोकरी. मनानं वाईट मुळीच नव्हत्या. आशालता दवाखान्यात होती तेव्हा हिंजवडीहून दोन बस बदलून अंडी घेऊन भेटायला आल्या होत्या. पण त्या दिवशी समोर आल्या आणि पदर तोंडाला लावूनच बोलायला लागल्या. "बरी आहेस ना गं? खा-पी. तुला काही दगदग नको, तू आपली रजिस्टरं लिही बसून."

"बाई, माझा बेडका पाच महिन्यांपासून साफ आहे," आशालता म्हणाली.

"अगं, मला का माहीत नाही? मीच भिंतीवर लिहून घेतलंय, टीबी पूर्ण बरा होतो म्हणून!" आणि पदर होता तिथंच.

गंमत अशी की पदराआडून बोललेलं आशालताला अर्धंमुर्धंच कळायचं. ओठ दिसले तर तिला सगळं समजायचं, ओठ झाकले की 'स' नि 'श' गळून जायचे. त्यात सगळे जण आता तिच्यापासून पाच हात लांब उभे राहून बोलत. मग ती "काय?" म्हणायची. दुसऱ्यांदा "काय?" म्हणायची. तिसऱ्यांदा लाज वाटायची म्हणून नुसती मान डोलवायची. आणि चुकीच्या गोष्टीला मान डोलवली की बघणारे एकमेकांकडे बघायचे. आजारानं बाईची बुद्धी मंद झाली, असं तिथल्या औषध देणाऱ्यानं जान्हवीला सांगितलं. जान्हवी म्हणजे आशालता रजेवर असताना तिची गावं सांभाळणारी कंत्राटी नर्स, चोवीस वर्षांची. तिनं ते आशालताला येऊन सांगितलं. का सांगितलं कुणास ठाऊक, मनातून बरंच वाटत असावं बिचारीला, कारण आशालता पक्की रुजू झाली की तिचं कंत्राट जाणार होतं.

चहाचंही तेच. सकाळी अकराला कोंडिबा सगळ्यांना काचेच्या ग्लासात चहा आणायचा. आशालताला स्टीलचा कप. त्याच्या कानाला लाल नेलपॉलिशचा ठिपका.

"हा काय प्रकार कोंडिबा?"

"तुमच्यासाठी पेशल कप बाई. काचेचा फुटतोय."

"बारा वर्षांत माझ्या हातनं किती फुटले?"

कोंडिबा बिचारा ओशाळून हसला. त्याच्या नातीचा जन्म आशालताच्याच हातनं झाला होता. तो तरी काय करील, घरी सुनेनं बजावलं असेल. पण आशालताला त्या ठिपक्याचा असा राग आला, असा राग आला की तिनं तो कप टेबलावर तसाच ठेवला आणि चहावर साय धरेपर्यंत बघत बसली.

पंधरा दिवस ती रजिस्टरं लिहीत होती. नऊ महिन्यांचा मागला हिशेब: कोण गरोदर, कुणाला कितवा महिना, लोहाच्या गोळ्या किती, धनुर्वाताची सुई कधी. बसून बसून तिच्या पायांना मुंग्या यायच्या. उठून ती दारापर्यंत जायची, परत यायची. जान्हवी बाईच्या दंडाला पट्टा बांधून रक्तदाब घ्यायला लागली की आशालताचे हात आपोआप उचलले जायचे. एकदा गर्दी होती म्हणून तिनं स्वतःच एका म्हातारीचा रक्तदाब घेतला. एकशे तीस, ऐंशी. लिहिला. म्हातारी उठून गेली, आणि पाठमोऱ्या आशालतानं खिडकीच्या काचेत बघितलं, रत्नाबाईंनी म्हातारीला हळूच बाजूच्या खोलीत नेलं आणि पुन्हा पट्टा बांधला.

किती आला, हे आशालतानं विचारलं नाही. एकशे तीसच आला असेल. पण नसेल आला तर? त्या दिवसापासून तिचा स्वतःवरचा भरवसाच उडाला. घरी गेली की वाल्मीकला सांगायची, "स्वयंपाकघरात जा आणि हळू आवाजात काहीतरी बोल." तो जायचा. "काय बोलू?" असं विचारायचा. "हेच ऐकू आलं," ती म्हणायची, "आणखी हळू बोल." तो बिचारा दिवसभर गाडी हाकून आलेला, भिंतीआड उभा राहून भाज्यांची नावं घ्यायचा. दोडका. शेपू. शेपू तिला ऐकू यायचाच नाही. मग तिचं जेवण उडायचं.

त्या रजिस्टरांत तिला एक गोष्ट दिसत होती, ती आता सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. गरोदर बाईच्या तपासणीच्या पानावर शेवटून तिसरा रकाना बाळाच्या ठोक्यांचा. मिनिटाला एकशे वीस ते एकशे साठ म्हणजे बाळ ठीक. त्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच आकडा होता: एकशे चाळीस. एकशे चाळीस. एकशे चाळीस. जान्हवीच्या अक्षरात, रत्नाबाईंच्या अक्षरात, मागच्या पानांवर खुद्द आशालताच्या अक्षरात. मुळशीतली सगळी पोरं काय घड्याळ लावून आली होती होय? तसं नव्हतं. तपासणीच्या दिवशी चाळीस बाया यायच्या. ठोके लागले, ऐकू आले, चांगले भरभर आहेत, की मिनिटभर घड्याळ धरून मोजायचं कोण? लिहा एकशे चाळीस. यात खोटं काही नव्हतं, ऐकलेलं असायचं. फक्त मोजलेलं नसायचं. ही तिथली रीतच पडून गेली होती, आणि कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं.

मे महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी तपासणीचा दिवस होता, आणि जान्हवीला तालुक्याला बैठकीला जावं लागलं. बाहेर बाकांवर चौतीस बाया. रत्नाबाईंनी एकदा बाकांकडे बघितलं, एकदा आशालताकडे, आणि म्हणाल्या, "पोटं तू बघशील का गं? मी वजन-रक्तदाब घेते. झेपत नसलं तर सांग हं."

"झेपंल," आशालता म्हणाली.

पहिल्या दहा बाया बऱ्या गेल्या. ती दर वेळी कान बदलून ऐकत होती. त्या 'सूं'च्या खाली, खोल कुठंतरी, धप् धप् धप् धप् लागत होतं. लागलं की तिला इतकं हायसं वाटायचं की मोजायचं राहून जायचं. एकशे चाळीस, एकशे चाळीस.

अकरावी सोनू. कासारसाईच्या धरणाच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे, तिथली सून, वीस वर्षांची, पहिलटकरीण, नववा भरत आलेला. बरोबर सासू धोंडाबाई. धोंडाबाईंनी वाडीतली निम्मी बाळंतपणं स्वतः केलेली, त्यामुळं दवाखान्यावर त्यांचा फारसा विश्वास नव्हता. गोळ्या फुकट मिळतात म्हणून यायच्या.

सोनू टेबलावर निजली. आशालतानं पोटावर हात ठेवला, तोच धोंडाबाई म्हणाल्या, "बाई, हात जास्ती लावू नगा. तुमाला छातीचा रोग झालाया म्हनं."

सोनूनं डोळे गच्च मिटून घेतले. बिचारीला लाज वाटली.

आशालताचा हात जागच्या जागी थांबला. आता तपासणीची पद्धत अशी असते की कान लावायच्या आधी हातानं पोट बघायचं. वरती बरगड्यांखाली काय लागतंय, बाजूला पाठ कुठल्या अंगाला आहे, खाली ओटीपोटात डोकं आहे की काय आहे. दोन्ही हातांनी, दाबून, सावकाश. ते कळलं की ठोके कुठं शोधायचे ते कळतं. पण तिनं हात काढून घेतला. कार्डावर सातव्या महिन्यात जान्हवीनं लिहिलं होतं, 'डोकं खाली'. ते बघितलं आणि सरळ कर्णा उचलून बेंबीच्या खाली डाव्या बाजूला टेकवला. शंभरातल्या बहुतेक पोरांचे ठोके तिथंच लागतात.

काही नाही. सूं.

उजवीकडं टेकवला. काही नाही. डोक्यावर पंखा खडखडत होता, बाहेर कुणाचं तरी पोर रडत होतं. तिनं डोळे मिटले, श्वास धरला. सूं, नुसतं सूं. गेले, तिला वाटलं, कान गेले माझे. दहा बाया ऐकल्या तेही भासच असणार.

"झालं का गं आशालता?" रत्नाबाईंनी पलीकडून हाक मारली. "अजून तेवीस आहेत!"

"झालं," आशालता म्हणाली.

आणि रजिस्टर ओढून तिनं लिहिलं: डोकं खाली. ठोके १४०.

आता तुम्ही म्हणाल, एवढी बारा वर्षांची नर्स, 'मला लागत नाही' म्हणायला काय झालं होतं? म्हणून बघा कधी. चौतीस बाया बाहेर, तुमच्यामागं कुणीतरी पुन्हा रक्तदाब मोजतंय, तुमच्या कपाला ठिपका आहे, आणि तुम्ही म्हणायचं की मला ऐकू येत नाही. तिला ते जमलं नाही. बस्स.

पण ती रीत वेगळी आणि हे वेगळं, हे तिला पेन खाली ठेवतानाच कळलं होतं. न मोजता लिहिणं सगळेच करत होते. न ऐकता तिनं आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं होतं. उरलेल्या तेवीस बायांत तिचं लक्ष लागलं नाही. घरी जाताना ती एक थांबा पुढं गेली आणि चालत परत आली. भाकरी करपली. तव्यावरची दुसरीही करपली.

"काय झालंय तुला?" वाल्मीक म्हणाला.

"बाळ मेलेलं असलं तर?" ती म्हणाली.

"कुणाचं बाळ?"

तिनं सगळं सांगितलं. वाल्मीकनं करपलेली भाकरी तव्यावरून उतरवली. मग म्हणाला, "गाडीचा ब्रेक लागत नाही असं वाटलं तर मी काय करतो? थांबून बघतो. उद्या सकाळी मला हिंजवडीची पहिली खेप आहे, तुला कासारसाईच्या फाट्यापर्यंत सोडतो."

सकाळी सातलाच ती फाट्यावर उतरली. पिशवीत कर्णा, घड्याळ हातात. चढाचा रस्ता, छातीत धाप लागत होती, नऊ महिन्यांत ती एवढी चालली नव्हती. दोनदा बांधावर बसली. बसली की वाटायचं, आपण इथं बसलोय आणि तिकडं ते पोर... मग पुन्हा उठायची.

धोंडाबाई अंगण सारवत होत्या. "ऐ बया, बाई तुमी? सकाळ सकाळ?"

"सोनूला पुन्हा बघायचंय."

"काल बगितलं की!"

"काल नीट बघितलं नाही मी," आशालता म्हणाली. "माझी चूक झाली. आणि धोंडाबाई, माझा रोग बरा झालाय, मी हात लावणार आहे. तुम्हाला चालत नसेल तर तुम्ही बाहेर थांबा."

धोंडाबाई सारवणाचा हात तसाच धरून बघत राहिल्या. एवढं रोखठोक त्यांच्याशी सहसा कुणी बोलत नसे. मग त्यांनीच सोनूला हाक मारली आणि तिच्यामागोमाग घरात आल्या.

सोनूला गोधडीवर निजवलं. रेडिओ बंद करायला लावला. दार लोटलं. आशालतानं तळहात एकमेकांवर चोळून गरम केले आणि पोटावर ठेवले. आधी वर, बरगड्यांखाली. आणि तिथंच तिचे हात थबकले.

गोल. टणक. बोटांनी जरा ढकललं की डुलून परत येतंय. डोकं! वर होतं डोकं. खाली ओटीपोटात चाचपलं तर मऊ, रुंद, बसकं. बाळ पार फिरून बसलं होतं, ढुंगण खाली, डोकं वर. सातव्या महिन्यात डोकं खाली असेलही, जागा असते तेव्हा पोरं फिरतात.

आता तिनं कर्णा बेंबीच्या वर टेकवला, पाठ ज्या अंगाला लागली त्या अंगाला. दुसऱ्या हातानं सोनूची नाडी धरली, आईचे ठोके बाळाचे समजायची चूक होऊ नये म्हणून. कान लावला.

धप् धप् धप् धप् धप्. असे स्वच्छ, असे जवळ, की तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

घड्याळाचा काटा धरून तिनं पुरतं मिनिट मोजलं. एकशे बावन्न. पुन्हा मोजलं. एकशे पन्नास. आईची नाडी चौऱ्याऐंशी. बाळ ठणठणीत.

ती मागं टेकून बसली. काल काही ऐकू आलं नव्हतं, कारण तिथं ऐकण्यासारखं काही नव्हतंच! काळीज वर होतं आणि ती खाली शोधत होती. तिचे कान काल बरोबर होते. 'इथं ठोके नाहीत' असं त्यांनी चोख सांगितलं होतं. एवढं ऐकल्यावर कुठल्याही शहाण्या नर्सनं पोट पुन्हा हातानं चाचपलं असतं आणि बाळ उलटं आहे हे तिथंच कळलं असतं. आजाराआधी तिनंही तेच केलं असतं. पण ती कानांना दोष देऊन मोकळी झाली.

"काय वं बाई? काय झालं? रडताय का?" सोनू घाबरून उठायला लागली.

"काही नाही बाळा. पोर छान आहे. पण पायाळू आहे."

"पायाळू!" धोंडाबाईंचा चेहरा खुलला. "मंग चांगलंच हाय की! पाटीत उसण भरली म्हंजी पायाळू मानसाचा पाय लागावा लागतुया. आमच्या वाडीत येक बी न्हाई, पार पौडपातूर जावं लागतंय."

"धोंडाबाई, पायाळू व्हायला पोराला आधी जन्माला यावं लागतं," आशालता म्हणाली. "अंग बाहेर येतं आणि डोकं अडकतं. तुम्ही बघितलंय का असं कधी?"

 धोंडाबाई सुनेच्या पोटाकडं बघत राहिल्या. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "येक बगितलंय. माज्याच भनीचं." आणि थोड्या वेळानं, "कुटं न्यायाचं तिला?"

सोनूचा नवरा प्रमोद दूध घालून परत आला तसं त्याच्या मोटारसायकलवर पुढं आशालता गेली, आणि मागून शेजारच्या जीपनं सोनू आणि धोंडाबाई.

केंद्रात पोचली तेव्हा अकरा वाजत होते, कोंडिबा चहा वाटत होता. डॉक्टरसाहेब, रत्नाबाई, जान्हवी, सगळे होते. आशालतानं कालचं रजिस्टर उघडलं. रजिस्टरात खाडाखोड चालत नाही. एक आडवी रेघ मारायची, खरं ते वर लिहायचं आणि सही करायची. तिनं 'डोकं खाली'वर रेघ मारली. एकशे चाळीसवर रेघ मारली.

"काय करतेयस?" रत्नाबाई म्हणाल्या. पदर तोंडाला.

"बाई, पदर काढून बोला. मला ओठ दिसल्याशिवाय नीट कळत नाही. इंजेक्शनांनी माझे कान अधू झालेत." आता थांबणं तिला शक्य नव्हतं. "काल सोनूचे ठोके मला लागले नाहीत. मी पोटही चाचपलं नाही. आणि एकशे चाळीस लिहिलं. आज घरी जाऊन बघितलं, बाळ उलटं आहे, ठोके दीडशे आहेत. जीप येतेय मागून. साहेब, तुम्ही बघा आणि पुढं पाठवा. मला काय मेमो द्यायचा तो द्या."

डॉक्टरसाहेबांनी सोनूला तपासलं. हातानं, मग कानानं, मग पुन्हा हातानं. "बरोबर आहे," ते म्हणाले. "सिस्टर, अगदी बरोबर आहे." त्यांनी चिठ्ठी लिहिली, गाडी काढायला सांगितली, आणि त्याच हातानं आशालताला मेमोही दिला. चुकीच्या नोंदीबद्दल. तो तिनं मुकाट्यानं घेतला, घ्यायलाच हवा होता.

रत्नाबाई मात्र रजिस्टराशीच उभ्या होत्या. पानं उलटत होत्या. एकशे चाळीस, एकशे चाळीस, एकशे चाळीस. खाली सही रत्नाबाईंची. पदर कधी खांद्यावर घसरला हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

पाच दिवसांनी पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात सोनूचं ऑपरेशन करून मुलगी झाली. पोट कापून काढलेली पायाळू चालते का, असं धोंडाबाईंनी निरोपात विचारून घेतलं होतं. आशालतानं कळवलं, चालते.

आता सगळं गोड गोड झालं असं समजू नका. खुर्ची खिडकीपाशीच राहिली. ठिपक्याचा कप पुढं दिवाळीपर्यंत होता, मग एक दिवस दिसेनासा झाला. कुणी टाकला ते कोंडिबानं कधी सांगितलं नाही. जान्हवीचं कंत्राट गेलं आणि तिनं जाताना आशालताशी बोलणं टाळलं. कानातलं 'सूं' तर आजही आहे.

पण जूनमधल्या तपासणीच्या मंगळवारी असं झालं. दोन टेबलं लावली होती, एकावर आशालता, एकावर रत्नाबाई. आशालता आधी पोट चाचपून बघत होती, मग कान, मग पुरतं मिनिट घड्याळ. एकशे छत्तीस. एकशे अठ्ठेचाळीस. वेळ लागत होता, बाहेर बाया कुरकुरत होत्या. पलीकडं रत्नाबाई एका बाईच्या पोटावर वाकल्या होत्या. इकडं कर्णा लावला. तिकडं लावला. पेन उचललं. रकान्यावर धरलं.

आणि खाली ठेवलं.

सव्वीस वर्षं नोकरी झालेल्या रत्नाबाई वळल्या, पदर खांद्यावर, तोंड आशालतासमोर, आणि शब्द न् शब्द सुटा करून म्हणाल्या, "आशालता, मला लागत नाहीत. तू ऐकतेस का जरा?"

आशालता उठली. जाता जाता तिनं कोंडिबाला पंखा बंद करायला सांगितला.